ग्रॅनाईट-मार्बलच्या लादीचं वजन घरीच काढा : पाव किलोचा हिशोब, आणि मग गाडी, माणसं, पट्टा

दुकानात लादीचं वजन विचारलं की उत्तर येतं स्क्वेअर फुटात. भाव स्क्वेअर फुटात, बिल स्क्वेअर फुटात, आणि गाडीवाला मात्र विचारतो "किती किलो माल हाय?" तिथं सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, कुणीतरी म्हणतं पाचसहाशे असंल, आणि गाडी ठरते. नवीन घर बांधणारे, नवीन मिस्त्री, दुकानात नुकतेच कामाला लागलेले पोरं, ह्यांच्यासाठी हे लिहितोय. वजन काढायला पाच मिनिटं लागतात, मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर आणि एक टेप बस झाला.

आधी मूळ गोष्ट. एक स्क्वेअर फूट म्हणजे ९२९ चौरस सेंटिमीटर. त्याची एक एमएम जाडीची पातळ चकती मनात आणा, तिचं आकारमान होतं ९२.९ घन सेंटिमीटर. आता साधा ग्रॅनाईट किंवा मार्बल पाण्याच्या साधारण २.७ पट जड असतो, म्हणजे एका घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम. ९२.९ ला २.७ नं गुणलं की येतात २५०.८ ग्रॅम. म्हणजे पाव किलोच! एक स्क्वेअर फूट, एक एमएम, पाव किलो. एवढं डोक्यात बसलं की पुढं सगळं सोपं हाय, स्क्वेअर फूट गुणिले एमएम भागिले चार, आलं किलोत वजन. १८ एमएमची लादी असली तर स्क्वेअर फुटाला साडेचार किलो, २० एमएम असली तर पाच किलो.

फॉर्म्युला एवढाच हाय, पण त्यात टाकायचे तीन आकडे चुकले की उत्तर चुकतं. आणि चुकतं ते बहुतेक वेळा कमीच्या बाजूला, म्हणजे कागदावर हलकं आणि गाडीत जड. म्हणून तिन्ही आकडे नीट बघू.

पहिला आकडा क्षेत्रफळ. बिलावरचा स्क्वेअर फूट उचलून हिशोब करू नका. लादीचा कोपरा उडालेला असतो, कड वाकडीतिकडी असते, तर दुकानदार तेवढं माप सोडून बिल करतो, ते बरोबरच हाय, तुम्हाला वापरता येत नाही त्याचे पैसे कशाला द्यायचे. पण ती वाकडी कड गाडीत तर चढतेच ना, तिचं वजन काय दुकानात राहत नाही. म्हणून वजनासाठी सगळ्यात लांब आणि सगळ्यात रुंद जागेवर टेप लावा, इंचात मोजा, दोन्ही इंच गुणा आणि १४४ नं भागा. ११४ इंच लांब आणि ३० इंच रुंद असली तर ३४२० भागिले १४४, म्हणजे २३.७५ स्क्वेअर फूट. कोपरा तुटलाय म्हणून वजा करत बसू नका, तेवढं वरचढ धरलेलं चांगलं.

दुसरा आकडा जाडी, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. "अठरा एमएम" हे दुकानातलं नाव समजा. मोजायला गेलं तर एकच लादी एका कडेला १७ भरते आणि दुसऱ्या कडेला १९. आणि हा फरक छोटा वाटतो पण शंभर स्क्वेअर फुटाला एक एमएम म्हणजे सरळ २५ किलो. दोन एमएम जास्त निघाली तर अर्धा क्विंटल वाढला, आणि तुम्ही एक लादीसुद्धा जास्त घेतलेली नाही. म्हणून व्हर्नियर असला तर व्हर्नियर, नाही तर स्टीलची पट्टी घ्या, चारी कडांना एकेक ठिकाणी मोजा आणि त्यातला मोठा आकडा धरा. मधली जाडी मोजता येत नाही ते ठीक आहे, मोठा आकडा धरला की ते आत येऊन जातं. एक सांगतो, मोल्डिंग केलेल्या कडेवर मोजू नका, तिथं बरेचदा खालून अजून एक पट्टी चिकटवून कड जाड केलेली असते, त्यामुळं जाडी दुप्पट दिसते. त्या पट्टीचं वजन वेगळं धरा. साडेनऊ फूट लांब आणि दोन इंच रुंद पट्टी असली तर १८ एमएमला सात किलोच्या आसपास होते.

तिसरा आकडा म्हणजे दगड किती घट्ट आहे, घनता. इथं पाव किलोचा नियम एका ठिकाणी मार खातो, तो म्हणजे गडद काळा ग्रॅनाईट. लाल, करडा, तपकिरी, पांढरट, असा ज्यात दाणे दिसतात तो खरा ग्रॅनाईट, त्याची घनता २.६ ते २.७५. पांढरा मार्बल २.७ च्या आसपास. आपल्याकडची शहाबादी फरशी आणि काळा कडप्पा, ह्यांनाही पाव किलोचा नियम चालतो. पण किचन ओट्याला सगळ्यांना पाहिजे असतो तो एकसारखा गडद काळा दगड, त्याला दुकानात ग्रॅनाईट म्हणत असले तरी भूशास्त्राच्या हिशोबानं तो डोलेराईट किंवा गॅब्रो असतो, त्यात लोह आणि मॅग्नेशियमवाली जड खनिजं जास्त असतात. आपल्या मराठवाड्याचा काळा दगड, बेसाल्ट, त्याच कुळातला. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोली, मुखेडकडं गेलं की खरा ग्रॅनाईट जमिनीवर उघडा दिसतो, बाकी आपण जवळपास सगळे बेसाल्टवरच बसलोय. तर ह्या काळ्या दगडाची घनता २.९ ते ३.१ धरतात. ३ धरून हिशोब केला तर पाव किलोच्या नियमानं आलेल्या प्रत्येक नऊ किलोला एक किलो वाढवायचा. ९० किलो आले तर १०० धरा. सोपं आहे.

आपला दगड कुठल्यात बसतो हे कळत नसलं तर दुकानात कापकामाचे तुकडे पडलेले असतातच, त्यातला एक सरळ कापलेला तुकडा मागा. बारा बाय सहा इंचाचा असला तर तो अर्धा स्क्वेअर फूट झाला. जाडी मोजा, समजा १८ भरली. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. सव्वादोन किलो भरला तर नेहमीचा दगड, पाव किलोवर बिनधास्त चाला. अडीच किलो भरला तर जड काळा आहे, नवाला एक वाढवा. रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं, कारण काळा रंग असूनही हलक्या कुळातला दगड असतो आणि उलटही होतं. तुकडा मात्र त्याच लादीचा किंवा त्याच लॉटचा पाहिजे.

बरं, लादी ओली असली तर वजन वाढतं का, हा प्रश्न लई जण विचारतात. पॉलिश केलेला ग्रॅनाईट पाणी जवळपास पीत नाही, चांगल्या ग्रॅनाईटचं प्रमाण वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आतच असतं, म्हणजे सव्वाशे किलोच्या लादीत अर्धा किलोच्या आसपास. ते सोडून द्या. ओल्या लादीचा खरा धोका वजनाचा नाही, हाताचा आहे, ती निसटते. क्लॅम्पमधूनही निसटते. म्हणून उचलायच्या आधी पुसून घ्यायची, आणि धूळ-चिखल लागलेला असला तर तोही.

आता एक पूर्ण हिशोब करून बघू. समजा लातूरला माल घेतला आणि औशाच्या पुढच्या एका गावात न्यायचाय. ओट्याला काळ्या दगडाच्या दोन लाद्या, ११४ बाय ३० इंच, सांगितल्या १८ एमएम पण मोजल्यावर एका कडेला १९ निघाल्या, म्हणून १९. जिन्याला लाल ग्रॅनाईट, कापून घेतलेला, १८ पायऱ्या ४२ बाय १२ इंचाच्या आणि १९ उभ्या पट्ट्या ४२ बाय ६ इंचाच्या, जाडी १८. खिडक्यांना तोच लाल दगड, सहा पट्ट्या ६० बाय १० इंच. आणि देवघराला पांढऱ्या मार्बलची एक लादी, ८४ बाय ३६ इंच, १६ एमएम.

ओट्याच्या दोन लाद्या मिळून ४७.५ स्क्वेअर फूट, गुणिले १९, भागिले ४, आले २२५.६ किलो. काळा दगड म्हणून नवाला एक, म्हणजे २५ वाढवले, झाले साधारण २५० किलो. एक लादी सव्वाशेची. जिन्याच्या पायऱ्या ६३ स्क्वेअर फूट आणि उभ्या पट्ट्या ३३.२५, मिळून ९६.२५, गुणिले १८ भागिले ४ म्हणजे ४३३ किलो. बघा, एकेक पायरी हातात घेतली तर सोळा किलोचीच आहे, कुणालाच जड वाटत नाही, आणि सगळ्या मालात सगळ्यात जड तोच ढीग निघाला. खिडक्या २५ स्क्वेअर फूट, ११३ किलो. देवघराचा मार्बल २१ स्क्वेअर फूट, ८४ किलो. दगडाची बेरीज ८८०.

हे करायला मोबाईलमधल्या शीटमध्ये एकच ओळ लागते. पहिल्या रकान्यात लांबी इंचात, दुसऱ्यात रुंदी इंचात, तिसऱ्यात जाडी एमएममध्ये, चौथ्यात नग:

```
=A2*B2/144*C2/4*D2
```

काळ्या दगडाच्या ओळीला शेवटी १० नं गुणून ९ नं भागा:

```
=A2*B2/144*C2/4*D2*10/9
```

८८० हा आकडा अजून गाडीवाल्याला सांगायचा नाही. मी नेहमी त्यात दहा टक्के टाकतो, कारण मधली जाडी आपण मोजलेली नाही, काही तुकडे मोजायचे राहिलेले असतात, आणि दुकानदार शेवटी "हा पीस पण घेऊन जा, कामी येईल" म्हणून काहीतरी टाकतोच. तर ८८० चे झाले ९६८. शिवाय गाडीत काय काय चढणार हे लिहा. लाद्या उभ्या ठेवायचा ए आकाराचा लोखंडी स्टँड, समजा १२० किलोचा. चिकटवायच्या मसाल्याच्या २० किलोच्या पाच बॅगा, १००. ड्रायव्हर, ७०. एकूण १२५८ किलो. "पाचसहाशे असंल" म्हणणाऱ्यांचा अंदाज निम्म्याहून कमी निघाला.

गाडी किती पेलते हे गाडीवाल्याच्या शब्दावर सोडू नका, आरसीवर असतं. आरसीवर दोन आकडे बघायचे, रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट जास्तीत जास्त वजन. दोघांची वजाबाकी म्हणजे त्या गाडीत कायद्यानं किती चढू शकतं ते. समजा पिकअपच्या आरसीवर एकूण २९९० आहे आणि रिकामी १६९०, तर १३०० किलो. आणि कायद्यात रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो, म्हणून तो आपण वर मोजला. १२५८ बसतात ह्यात, पण काठावर. उतरवायला दोन गडी सोबत न्यायचे म्हणलं तर १३० अजून, झाले १३८८, आता नाही बसत. गडी मोटारसायकलवर येऊ द्या. आणि छोटा हत्ती तर ह्या मालाला विसरून जा, त्याची क्षमता मॉडेलप्रमाणं बदलते पण साधारण पाऊण टनाच्या आसपासच, म्हणजे दोन खेपा कराव्या लागतील. ओव्हरलोडला २०१९ पासून दंड २०,००० रुपये आणि वर जादा प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथंच उतरवायला लावतात आणि तो खर्चही आपलाच. पण मला दंडापेक्षा ब्रेकची काळजी जास्त वाटते, दगड भरलेली गाडी उतारावर थांबत नाही.

अजून एक, आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय. मालासोबत मागं हौद्यात कुणी बसायचं नाही. "लादी धरून बसतो, हलणार नाही" असं म्हणणारा माणूस प्रत्येक गाडीत निघतो. सव्वाशे किलोची लादी उभी आहे तोवर दोन बोटांनी धरता येते, कारण वजन सगळं खाली कडेवर असतं. पण एकदा का ती कललेल्या बाजूच्या पलीकडं झुकली की तिचं वजन क्षणाक्षणाला माणसाकडं येत जातं, आणि सव्वाशे किलो पडताना कुणीच धरू शकत नाही. लादी बांधून धरायची, पट्ट्यानं, स्टँडला. माणसानं नाही.

स्टँडवर भरतानाही वजनाचा हिशोब लागतो. दोन्ही बाजूंना सारखं वजन पाहिजे. आपल्या उदाहरणात मोठ्या लाद्या तीनच आहेत, सव्वाशे, सव्वाशे आणि ८४. काळ्या दोन समोरासमोर, म्हणजे एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, आणि मार्बलच्या समोर खिडकीच्या पट्ट्या. पायऱ्यांचे ४३३ किलो खाली, हौद्याच्या तळाला, चाकांच्या मधोमध पसरून, मागच्या फाळक्याला चिकटून नाही. आणि उतरवताना एक इकडची एक तिकडची असं उतरवायचं. एक बाजू आधी पूर्ण रिकामी केली आणि स्टँड गाडीला बांधलेला नसला तर उरलेल्या बाजूच्या वजनानं स्टँडच उलटतो. उतरवण्याआधी गाडी सपाट जागेवर आहे का बघा, शेतातल्या कच्च्या रस्त्यावर एक चाक खड्ड्यात असलं तर तुमची सारखी वाटणी वाया गेली.

आता माणसं. मी सपाट जागेवर एका माणसाला २५ किलो धरतो, जिन्यात २०. सव्वाशेच्या लादीला सपाटीवर पाच, म्हणजे सहाच लावा कारण दोन्ही बाजूंना सारखे पाहिजेत. जिन्यात वजन खालच्या माणसांकडं सरकतं, वरच्यांपेक्षा खालच्यांवर जास्त येतं, म्हणून तिथं दणकट माणसं खाली. लादी कायम उभी, कडेवर न्यायची, आडवी नाही, आडवी धरली की मधून मोडते. आणि लादीच्या सपाट तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही, टोकाला राहायचं. सहा जण मिळत नसतील तर माझं मत विचाराल तर लादी पूर्ण नेऊच नका. ओट्याचं माप घेऊन दुकानातच कापून घ्या. ६६ बाय २४ चा तुकडा म्हणजे ११ स्क्वेअर फूट, १९ एमएमला काळ्या दगडात ५८ किलो, तीन माणसांचं काम. फक्त सिंकचं भोक दुकानात पाडू नका, जागेवर पाडा. ३० बाय १८ चं भोक पाडलं तर वीसेक किलो कमी होतात खरे, पण भोकाच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या तीन इंची पट्ट्यांवर सगळा भार येतो आणि उचलता उचलता तिथंच तडा जातो.

मोठ्या गँगसॉच्या लाद्या असल्या, दहा बाय सहा फुटाच्या, तर २० एमएमला ६० गुणिले २० भागिले ४, तीनशे किलो, काळी असली तर ३३३. ह्या हातानं उचलायच्याच नाहीत. हायड्रा क्रेन किंवा चेनब्लॉक लागतो. तिथं फक्त क्रेनची क्षमता बघून भागत नाही, मधल्या प्रत्येक वस्तूवर लिहिलेलं बघायचं, क्लॅम्प, शॅकल, पट्टा, आणि त्यातला सगळ्यात छोटा आकडा तोच तुमचा खरा आकडा. क्लॅम्पवर वजनासोबत जाडीची मर्यादाही लिहिलेली असते, जाडी त्यात बसली नाही तर पकड येत नाही. दोन पट्ट्यांनी उचलताना पट्टे जितके पसरट तितका ताण जास्त. तीनशे किलोला पट्टे जमिनीशी ६० अंशात असले तर प्रत्येकावर १७३ किलो येतात, आणि ३० अंशात आले तर प्रत्येकावर पूर्ण ३००. दोन पट्टे लावूनही उपयोग शून्य. म्हणून पट्टे लांब घ्या, हुक उंच जाऊ द्या, आणि लादीच्या धारेवर रबर किंवा गोणपाटाची जाड घडी ठेवा, कापलेली धार पट्टा कापते. पट्ट्यावरचं लेबल फाटलेलं असेल, क्षमता वाचता येत नसेल, तर तो पट्टा बाजूला ठेवा.

शेवटी, जाताना वाटेत वजनकाटा असेल तर गाडी रिकामी असताना एकदा आणि भरल्यावर एकदा चढवा. थोडे पैसे जातात पण तुमचा हिशोब बरोबर आला की नाही ते तिथंच कळतं. ड्रायव्हर दोन्ही वेळा गाडीत असला पाहिजे किंवा दोन्ही वेळा बाहेर, नाही तर फरकात तो पण येतो. आलेल्या फरकातून स्टँड आणि बॅगा वजा करा, उरलं ते दगडाचं. आपल्या उदाहरणात ते ८८० ते ९६८ च्या मधे यायला पाहिजे. हजाराच्या वर गेलं तर जाडी कुठंतरी चुकलीय, लाद्या परत मोजा, आणि त्यातली सगळ्यात जड कोणती ते खडूनं तिच्यावरच किलोत लिहून ठेवा, उतरवणाऱ्यांना किती जण लागतील ते वाचूनच कळंल.